घटक ६ : तक्रारअर्जातील विलंबाचे स्पष्टीकरण आणि मुदतीची पडताळणी

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला,
• कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार करण्याची मुदत तारखांनिशी मोजता येईल;
• तक्रार उशिरा होत असल्यास त्याचे स्पष्टीकरण तक्रारअर्जातच कसे व कोठे लिहावे, हे सांगता येईल;
• विलंबाची कारणे लिहिताना कोणती वाक्यरचना उपयोगी व कोणती घातक ठरते, हे ओळखता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण तक्रारअर्जाची सर्वसाधारण मांडणी पाहिली. विषय, संदर्भ, घटनांचा तपशील, मागणी आणि सोबत जोडलेली कागदपत्रे हा तिचा क्रम तुमच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत घटकात आपण अशा एका तक्रारअर्जाचा विचार करणार आहोत, ज्यात या ठरलेल्या भागांच्या जोडीला आणखी एक परिच्छेद लिहावा लागतो. तो परिच्छेद म्हणजे विलंबाचे स्पष्टीकरण.

छळाची घटना घडल्यावर ती सोसणारी स्त्री त्याच दिवशी लेखणी हातात घेते, असे क्वचितच घडते. नोकरीची भीती, घरच्यांची प्रतिक्रिया, वरिष्ठांनी दिलेले तोंडी आश्वासन, प्रकृती अशा अनेक कारणांनी दिवस जातात. कायद्याने ही शक्यता गृहीत धरली आहे. मात्र तिला मर्यादाही घातली आहे. त्या मर्यादेत विलंब माफ व्हावयाचा असेल, तर समितीपुढे कारणे यावी लागतात. ती आणण्याची पहिली आणि सर्वांत भक्कम जागा म्हणजे स्वतः तक्रारअर्ज होय.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ मुदत किती आणि ती कोठून मोजावी

कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ याच्या कलम ९ मध्ये तक्रारीची मुदत दिली आहे. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. घटनांची मालिका असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजले जातात. ज्या आस्थापनेत दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत तेथे तक्रार अंतर्गत समितीकडे करावयाची असते. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यामुळे अशी समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी लागते.

याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, परिस्थितीच अशी होती की त्या स्त्रीला मुदतीत तक्रार करता आली नाही, याबद्दल समितीची खात्री पटली, तर ती मुदत आणखी वाढवू शकते. परंतु ही वाढ तीन महिन्यांहून अधिक असू शकत नाही, आणि तिची कारणे समितीला लेखी नोंदवावी लागतात. म्हणजेच पहिले तीन महिने हक्काचे आहेत; पुढील तीन महिने समितीच्या समाधानावर अवलंबून आहेत.

येथे महिना म्हणजे दिनदर्शिकेतील महिना. ‘तीन महिने म्हणजे ९० दिवस’ असा हिशेब करू नये. घटनेचा दिवस सोडून मोजणी सुरू होते. घटना २० फेब्रुवारी २०२५ रोजी घडली असेल, तर तीन महिन्यांची मुदत २० मे २०२५ रोजी संपते आणि वाढीव मुदतीची अंतिम मर्यादा २० ऑगस्ट २०२५ ही ठरते. ज्या महिन्यात मुदत संपते त्या महिन्यात तशी तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे मात्र शहाणपणाचे नाही. त्या दिवशी सुट्टी आली किंवा अर्ज घेणारी व्यक्ती जागेवर नसली, तर नवा वाद उभा राहतो.

६.२.२ ‘शेवटची घटना’ कोणती

मुदतीचा सारा हिशेब एका तारखेवर उभा असतो, म्हणून ती तारीख निश्चित करणे हे लेखनातील पहिले काम आहे. पुष्कळ तक्रारअर्जांत ‘गेले अनेक महिने’, ‘वारंवार’, ‘नेहमीच’ असे शब्द येतात. बोलण्यात ते स्वाभाविक आहेत. तक्रारअर्जात मात्र ते शेवटची तारीख झाकून टाकतात. ‘ते मला वारंवार अश्लील संदेश पाठवीत’ या वाक्यावरून मुदत मोजता येत नाही. ‘त्यांनी ६ जानेवारी, २९ जानेवारी व २० फेब्रुवारी २०२५ रोजी मला असे संदेश पाठविले’ या वाक्यावरून ती मोजता येते. शिवाय या घटना एकाच मालिकेतील आहेत, हेही त्यातून दिसते. नेमकी तारीख आठवत नसेल, तर आठवणीशी जोडलेला संदर्भ द्यावा. उदाहरणार्थ, ‘मार्चअखेरच्या हिशेब तपासणीच्या दुसऱ्या दिवशी’. आठवत नसलेली तारीख अंदाजाने लिहू नये. ती चुकीची ठरल्यास अर्जातील खऱ्या तारखांवरही संशय घेतला जातो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. छळाला नकार दिल्यानंतर पुष्कळदा बदली, कामाचे वाटप काढून घेणे, प्रतिकूल शेरा अशा गोष्टी घडतात. त्यांची तारीख नंतरची असल्यामुळे तीच ‘शेवटची घटना’ धरावी, असे तक्रारदाराला वाटते. ही समजूत नेहमीच टिकत नाही. कोलकात्यातील एका विधी विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधील होती आणि तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, तक्रारदार प्राध्यापिकेला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले होते. ती कारवाई लैंगिक छळाच्या मालिकेचा भाग नसून स्वतंत्र प्रशासकीय निर्णय आहे, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे मुदत एप्रिलपासून मोजली गेली आणि तक्रार सहा महिन्यांच्याही बाहेर गेली.

या निकालावरून लेखनासाठी एक सूत्र मिळते. नंतरची कारवाई तक्रारीत अवश्य नोंदवावी. पण ती छळाशी कशी जोडलेली आहे, हे वस्तुस्थितीनिशी सांगावे. ‘मी नकार दिल्यावर प्रतिवादी म्हणाले की, आता नूतनीकरणाचे काय होते ते बघ, त्यानंतर नवव्या दिवशी माझे काम काढून घेण्यात आले’ अशी जोडणी अर्जात हवी. आणि तरीही, शक्य असेल तेव्हा, मुदतीचा हिशेब छळाच्या उघड घटनेपासूनच करावा व विलंबाचे स्पष्टीकरण त्या हिशेबाने लिहावे. समितीने नंतरची तारीख मान्य केली तर उत्तमच. केली नाही तरी अर्ज निराधार होत नाही.

६.२.३ ‘केली नाही’ आणि ‘करता आली नाही’

कायद्याची कसोटी अशी की, परिस्थितीने तक्रार करण्यास अटकाव केला होता काय. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे क्रियापदाच्या रूपाचे महत्त्व चटकन लक्षात येईल. ‘मी तक्रार केली नाही’ हे वाक्य निर्णय सांगते. ‘मला तक्रार करता आली नाही’ हे वाक्य असमर्थता सांगते. पहिल्या वाक्याने वाचणाऱ्याच्या मनात ‘का केली नाही?’ हा आरोपवजा प्रश्न उभा राहतो, दुसऱ्याने ‘कशामुळे?’ हा चौकशीचा प्रश्न उभा राहतो, आणि समितीने विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

परंतु केवळ शक्यार्थक रूप वापरल्याने काम भागत नाही. त्या रूपामागे कारण हवे, कारणामागे काळ हवा आणि काळामागे पुरावा हवा. पुढील परिच्छेद पाहा.

“काही वैयक्तिक व कौटुंबिक अडचणींमुळे तसेच मानसिक तणावामुळे मला वेळेत तक्रार करणे शक्य झाले नाही. तरी उशिराबद्दल क्षमस्व. कृपया माझी तक्रार दाखल करून घ्यावी.”

या परिच्छेदात असत्य काही नाही. तरीही समितीला त्यातून नोंदविण्याजोगे एकही कारण सापडत नाही. अडचणी कोणत्या, त्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होत्या आणि त्या संपल्यावर तक्रारदाराने काय केले, यांतले काहीच त्यात नाही. ‘क्षमस्व’ हा शब्दही येथे अस्थानी आहे. तक्रारदाराने कोणताही अपराध केलेला नाही. ती कायद्याने दिलेल्या मुदतवाढीची मागणी करीत आहे. म्हणून दिलगिरीच्या जागी ‘मुदत वाढवून मिळावी, अशी विनंती आहे’ हे वाक्य यावे.

६.२.४ एका प्रकरणाचा अभ्यास

आता एक काल्पनिक प्रकरण पायरीपायरीने पाहू. तक्रारदार एका सहकारी पतसंस्थेत कंत्राटी लिपिक आहे. प्रतिवादी तिच्या शाखेचे व्यवस्थापक आहेत. छळाच्या तीन घटना घडल्या असून शेवटची २० फेब्रुवारी २०२५ रोजीची आहे. तक्रार ३० जून २०२५ रोजी द्यावयाची आहे. मुदत २० मे रोजी संपली. म्हणजे विलंब ४१ दिवसांचा आहे. वाढीव मुदतीची मर्यादा २० ऑगस्ट असल्याने समितीला मुदत वाढविण्याचा अधिकार अजून आहे.

लेखनापूर्वी कच्च्या कागदावर पुढीलप्रमाणे तारीखवार तक्ता करावा.

| कालावधी | काय घडले | पुरावा |
|---|---|---|
| २४ फेब्रुवारी | मुख्यालयातील कार्मिक अधिकाऱ्यांना ई-मेलने कळविले. ‘मी बोलतो’ असे उत्तर आले | ई-मेलची प्रत |
| २५ फेब्रुवारी ते ४ एप्रिल | ३१ मार्चला संपणाऱ्या कंत्राटाचे नूतनीकरण प्रतिवादीच्या शिफारशीवर अवलंबून. नूतनीकरणाचे पत्र ४ एप्रिलला मिळाले | कंत्राट, नूतनीकरण पत्र |
| ९ एप्रिल ते ३१ मे | निद्रानाश व तीव्र चिंता यांवर उपचार. २२ एप्रिलपासून वैद्यकीय रजा | डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रजामंजुरी |
| ५ ते १९ जून | अंतर्गत समितीची माहिती लेखी मागितली. १९ जूनला सदस्यांची नावे मिळाली | अर्जाची पोच, उत्तर |
| २० ते ३० जून | संदेशांच्या प्रती व साक्षीदारांचे पत्ते गोळा केले | – |

या तक्त्याचा उपयोग दुहेरी आहे. रिकामा राहिलेला काळ त्यात लगेच दिसतो. येथे ५ ते ८ एप्रिल आणि १ ते ४ जून हे दिवस मोकळे आहेत. चार दिवसांची अशी फट स्पष्टीकरणाला बाधक होत नाही. चार आठवड्यांची झाली असती, तर तिचे कारण शोधून लिहावे लागले असते. दुसरे म्हणजे, कारण आणि पुरावा यांतली विसंगती उघड होते. अर्जात ‘मार्चपासून आजारी होते’ असे लिहिले आणि प्रमाणपत्र ९ एप्रिलपासूनचे जोडले, तर प्रतिवादी नेमके तेथेच बोट ठेवील.

तक्त्यातील एक गोष्ट तक्रारदाराला अडचणीची वाटू शकते. मार्चमध्ये ती रोज कामावर येत होती. मग तक्रार करण्यास अडथळा कोणता, हा प्रश्न येणारच. हे वास्तव लपवू नये. ते आपणच सांगून त्याचे उत्तर द्यावे, हे उत्तम.

आता स्पष्टीकरणाचा परिच्छेद वाचा. घटनांचा तपशील संपल्यावर आणि मागणीच्या आधी तो स्वतंत्र शीर्षकाखाली येतो.

“विलंबाचे स्पष्टीकरण व मुदतवाढीची विनंती

८. शेवटची घटना दि. २० फेब्रुवारी २०२५ रोजी घडली. तेव्हापासूनची तीन महिन्यांची मुदत दि. २० मे २०२५ रोजी संपली. प्रस्तुत तक्रार मी दि. ३० जून २०२५ रोजी, म्हणजे ४१ दिवसांच्या विलंबाने, परंतु वाढीव मुदतीच्या मर्यादेत सादर करीत आहे. पुढील परिस्थितीमुळे मला ती मुदतीत करता आली नाही.

(अ) मी दि. २४ फेब्रुवारी रोजी कार्मिक अधिकाऱ्यांना ई-मेलने घडलेला प्रकार कळविला. त्यांनी प्रतिवादींशी बोलण्याचे आश्वासन दिले. अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, हे मला त्या वेळी सांगण्यात आले नाही. आमच्या शाखेत समितीविषयीचा फलकही लावलेला नव्हता.

(आ) माझे कंत्राट दि. ३१ मार्च रोजी संपणार होते व त्याचे नूतनीकरण प्रतिवादींच्या शिफारशीवर अवलंबून होते. या काळात मी नियमितपणे कामावर हजर होते. परंतु तक्रार केल्यास नोकरी जाईल, या भीतीमुळे मला पुढे येता आले नाही. नूतनीकरणाचे पत्र मला दि. ४ एप्रिल रोजी मिळाले.

(इ) दि. ९ एप्रिलपासून मी निद्रानाश व तीव्र चिंता यांवर वैद्यकीय उपचार घेत होते आणि दि. २२ एप्रिल ते ३१ मे या काळात वैद्यकीय रजेवर होते.

(ई) रुजू झाल्यानंतर दि. ५ जून रोजी मी समितीची माहिती लेखी मागितली. ती दि. १९ जून रोजी मिळाली. त्यानंतर कागदपत्रे जमवून मी ही तक्रार सादर करीत आहे.

९. वरील परिस्थिती विचारात घेऊन, अधिनियमाच्या कलम ९ अन्वये मुदत वाढवून ही तक्रार दाखल करून घ्यावी व मुदतवाढीची कारणे लेखी नोंदवावीत, अशी विनंती आहे. संबंधित कागदपत्रे सोबत जोडली आहेत.”

या परिच्छेदाकडे भाषेच्या दृष्टीने पाहा. आरंभीच विलंबाची कबुली आकड्यासह दिली आहे. त्यामुळे समितीला हिशेब करावा लागत नाही आणि प्रतिवादीला ‘विलंब लपविला’ असे म्हणता येत नाही. प्रत्येक उपपरिच्छेदात एकच कारण आहे. ‘असह्य’, ‘भयंकर’ अशी विशेषणे नाहीत; त्यांचे काम तारखांनी केले आहे. उपपरिच्छेद (अ) मध्ये फलकाचा उल्लेख सहज आलेला नाही. समितीची माहिती दर्शनी भागात लावणे हे कलम १९ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून ‘मला कायदा माहीत नव्हता’ या दुबळ्या वाक्यापेक्षा ‘फलक लावलेला नव्हता’ हे वाक्य अधिक वजनदार ठरते. भीतीचा उल्लेखही मोघम नाही. ती कोणापासून, कशामुळे आणि कधीपर्यंत होती, हे वाक्यातच आले आहे.

६.२.५ अर्ज सादर करताना

सन २०१३ च्या नियमांनुसार तक्रार सहा प्रतींत, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते यांसह द्यावी लागते. समिती तिची एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला पाठविते. म्हणजेच विलंबाचे स्पष्टीकरण प्रतिवादीही वाचणार असतो. यासाठी आजाराचा कालावधी आणि त्यामुळे आलेली असमर्थता एवढेच लिहावे. संपूर्ण वैद्यकीय इतिहास किंवा घरगुती बाबी अर्जात आणू नयेत. प्रमाणपत्रही तेवढ्यापुरतेच मागावे.

आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेणे अत्यावश्यक आहे, कारण विलंब मोजताना अर्जावर लिहिलेल्या तारखेला नव्हे, तर तो समितीला मिळाल्याच्या तारखेला महत्त्व असते. पुरावे जमविण्यासाठी मुदत घालवू नये. जे हाताशी आहे ते जोडून तक्रार द्यावी व ‘उर्वरित कागदपत्रे चौकशीदरम्यान सादर करीन’ असे नमूद करावे. स्वतः लिहिणे शक्य नसल्यास, तक्रार लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे समितीच्या पीठासीन अधिकाऱ्याचे अथवा सदस्यांचे कर्तव्य आहे.

६.२.६ सहा महिने उलटून गेले असल्यास

सहा महिन्यांनंतर समितीला मुदत वाढविण्याचा अधिकार उरत नाही. स्पष्टीकरण कितीही उत्तम असले तरी येथे भाषेचा इलाज चालत नाही. मात्र समितीचा मार्ग बंद झाला म्हणून फौजदारी कायद्याचा मार्ग बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लागू होते. तेथे न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत शिक्षेवर अवलंबून आहे : कमाल शिक्षा एक वर्ष असेल तर एक वर्ष, आणि एक वर्षाहून अधिक पण तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षे. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी पहिल्या प्रकारात मोडते. नकोसा शारीरिक स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी दुसऱ्या प्रकारात मोडते. पोलिसांकडील तक्रारीतही विलंबाचे कारण वरीलप्रमाणेच तारीखवार लिहावे, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न बहुधा त्याविषयीच असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एकच घटना ३० नोव्हेंबर २०२४ रोजी घडली. तक्रार ३ मार्च २०२५ रोजी समितीला मिळाली. ती मुदतीत आहे काय?
२. छळाच्या घटना ८ ऑगस्ट, ३ सप्टेंबर व ११ नोव्हेंबर २०२४ रोजी घडल्या. तक्रार ५ फेब्रुवारी २०२५ रोजी दिली. मुदतवाढीची विनंती आवश्यक आहे काय?
३. ‘घाबरल्यामुळे मी तक्रार केली नाही’ या वाक्यात कोणत्या उणिवा आहेत?

६.३ सारांश

तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने असून, समाधानकारक कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. नंतरची प्रशासकीय कारवाई आपोआप ‘शेवटची घटना’ ठरत नाही. विलंबाच्या परिच्छेदात मुदत संपल्याची तारीख, विलंबाचे दिवस, कालावधीनुसार कारणे, त्यांचे पुरावे आणि मुदतवाढीची स्पष्ट विनंती असावी. ‘करता आली नाही’ हे रूप कायद्याच्या कसोटीशी जुळते. परंतु त्याला तारखांचा आधार हवा.

६.४ पारिभाषिक शब्द

प्रतिवादी : ज्याच्याविरुद्ध तक्रार केली आहे ती व्यक्ती.
पोच : अर्ज मिळाल्याची तारीख व सहीसह दिलेली नोंद.
मुदतवाढ : ठरलेल्या काळानंतरही अर्ज स्वीकारण्यासाठी अधिकृतपणे दिलेला वाढीव काळ.
दखल घेणे : न्यायालयाने गुन्ह्याची विचारासाठी नोंद घेणे.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. नाही. फेब्रुवारीत ३० तारीख नसल्याने मुदत २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपली. विलंब तीन दिवसांचा आहे. तो अल्प असला तरी स्पष्टीकरण व विनंती आवश्यक आहे.
२. या घटना एकाच मालिकेतील असल्यास नाही. मुदत ११ फेब्रुवारी २०२५ पर्यंत आहे. तथापि ऑगस्टपासून मौन का राहिले, हे दोन वाक्यांत सांगितल्यास पुढील चौकशी सुकर होते.
३. क्रियापद निर्णय सुचविते, असमर्थता नाही. भीती कोणाची, कशामुळे व केव्हापर्यंत होती, हे सांगितलेले नाही. पुराव्याचा निर्देश नाही.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

एका खासगी शाळेतील शिक्षिकेच्या बाबतीत शेवटची घटना ५ ऑगस्ट २०२५ रोजी घडली. ती १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात शस्त्रक्रियेमुळे रजेवर होती. मुख्याध्यापकांनी २० ऑक्टोबर रोजी तिला ‘आपसांत मिटवू’ असे सांगितले. तक्रार १८ नोव्हेंबर २०२५ रोजी द्यावयाची आहे. प्रथम तारीखवार तक्ता तयार करा, त्यातील मोकळे कालखंड शोधा, त्यांविषयी शिक्षिकेला कोणते प्रश्न विचाराल ते लिहा आणि नंतर विलंबाच्या स्पष्टीकरणाचा परिच्छेद सुमारे १५० शब्दांत लिहा.